दमाची दोन मापे : बारा मिनिटांची धाव आणि तीस मिनिटांची धाव

कुडाळ परिसरात पहाटे फिरावयास निघालेल्या कोणासही मैदानावर किंवा रस्त्याच्या कडेला धावणारी तरुण मुले-मुली दिसतात. त्यांतील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. या भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. त्यामुळे सराव म्हणजे रोज उठून १६०० मीटर जीव तोडून धावणे आणि घड्याळ पाहणे, अशी समजूत सर्वत्र रूढ झालेली आहे. काही आठवडे वेळ सुधारते आणि मग एका ठिकाणी अडकून बसते. तिसऱ्या फेरीत पाय जड होतात आणि छाती भरून येते. “दम पुरत नाही” एवढेच निदान मित्रमंडळी करतात.

दम पुरत नाही म्हणजे नेमके काय पुरत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण त्याची उत्तरे दोन आहेत आणि दोहोंवरील उपाय वेगळे आहेत. पहिल्यास कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता असे म्हणतात व दुसऱ्यास लॅक्टेट-उंबरठा. प्रयोगशाळेत ही मापे घेण्यासाठी धावपट्टा, मुखवटा, वायुविश्लेषक यंत्र आणि बोटातील रक्ताचे थेंब लागतात. शाळेच्या मैदानावर यांपैकी काहीच नसते. तथापि एक घड्याळ, एक मोजपट्टी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन धावा एवढ्या साधनांवर या दोहोंचा कामापुरता अंदाज बांधता येतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी तो कसा बांधावा व त्यावर किती विसंबावे, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिले माप : छत किती उंच?

आपण हळू धावतो तेव्हा स्नायूंना थोडा प्राणवायू लागतो, वेग वाढविला की अधिक लागतो. ही वाढ मात्र अमर्याद नसते. १९२०नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ए. व्ही. हिल या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाठीवर पिशवी बांधून, धावताना बाहेर टाकलेली हवा तीत गोळा केली. हिल स्वतःच धावला. वेग वाढत गेला तसे प्राणवायूचे ग्रहण वाढत गेले, परंतु एका टप्प्यानंतर वेग वाढवूनही ते वाढेना. हे छत म्हणजेच कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता होय. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटास किती मिलिलिटर, या एककात ती सांगतात.

हे छत कोठून येते, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या निरोगी तरुणाच्या दर लिटर रक्तातून सुमारे २०० मिलिलिटर प्राणवायू वाहून नेला जातो. जोराच्या धावेत त्यांपैकी १४० मिलिलिटर शरीर काढून घेते व ६० मिलिलिटर हृदयाकडे परत येतो, असे धरू. त्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलते, पण पूर्ण जोरात २० लिटर ढकलते, असेही धरू. तर २० गुणिले १४० म्हणजे मिनिटाला २८०० मिलिलिटर. मुलाचे वजन ६० किलोग्रॅम असेल तर भागाकार येतो सुमारे ४६.७. म्हणजे छताची उंची मुख्यतः हृदय एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलते, त्या रक्तात प्राणवायू वाहण्याची शक्ती किती आणि स्नायू त्यातील किती उचलतात, यांवर ठरते. फुप्फुसे “मोठी” करण्याच्या नावाखाली नाकातोंडाला फडके बांधून धावणारे तरुण कधी कधी दिसतात, त्यांनी हा हिशेब नीट पाहावा. निरोगी माणसाच्या बाबतीत अडचण बहुधा फुप्फुसांशी नसते.

अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली यासाठी मैदानी चाचणी प्रसिद्ध केली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर धावावयाचे आणि मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून बाकीला ४४.७३ ने भागावयाचे, की ग्रहणक्षमतेचा अंदाज मिळतो. २६०० मीटर झाले तर बाकी २०९५.१ आणि भागाकार ४६.८. वर हृदय व रक्त यांच्या बाजूने केलेला हिशेबही जवळपास याच आकड्यावर येतो, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

या सूत्रातील भाजक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुमारे ४५ मीटर म्हणजे एक एकक. त्यामुळे “माझा आकडा ४६.८ आणि त्याचा ४७.३, म्हणून तो सरस” असे म्हणणे व्यर्थ होय, कारण हा फरक वीस-पंचवीस मीटरांचा आहे आणि तेवढा तर झोप नीट न झाल्यानेही पडतो. कूपर यांचे सूत्र ११५ पुरुषांच्या धावांवरून बसविलेले होते, हेही विसरता कामा नये. मुलींच्या व वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत त्यातून निघणारा आकडा अधिक सैल धरावा. ज्याचे धावणे डौलदार, त्याला तेवढ्याच प्राणवायूत अधिक अंतर जाता येते, आणि सूत्र मात्र सर्वांची चाल सारखीच मानते. म्हणून या आकड्याने दुसऱ्याशी स्पर्धा करण्यापेक्षा आपल्याच मागील आकड्याशी तुलना करणे अधिक शहाणपणाचे.

दुसरे माप : पाणी कधी चढू लागते?

छत कितीही उंच असले तरी कोणी फार वेळ त्याला टेकून धावू शकत नाही. छताच्या खाली, कोणाच्या बाबतीत बरेच खाली तर कोणाच्या बाबतीत अगदी जवळ, आणखी एक रेषा असते. तिच्या आतल्या वेगाने बराच वेळ धावता येते, पण ती ओलांडली की काही मिनिटांतच भार वाढू लागतो. हा लॅक्टेट-उंबरठा.

स्नायूंत शर्करेचे विघटन होताना लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. पूर्वीच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख दुग्धाम्ल असा असे आणि थकव्याचे विष म्हणून त्याची बदनामी झालेली होती. ती योग्य नव्हती. शांत बसलेल्या माणसाच्या रक्तातही थोडे लॅक्टेट असतेच. हृदय आणि इतर स्नायुतंतू ते इंधन म्हणून जाळतात आणि यकृत त्यापासून पुन्हा शर्करा बनविते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात त्याचाही दोष लॅक्टेटला देऊ नये, कारण धाव संपल्यावर सुमारे तासाभरात रक्तातील त्याचे प्रमाण पूर्ववत होते.

कोकणातील शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट भाताच्या कुणग्यावरून चटकन कळेल. पाऊस पडत असतो आणि मेरेत ठेवलेल्या वाटेने पाणी खालच्या कुणग्यात उतरत असते. पाऊस वाढला तरी जोवर तेवढेच पाणी वाटेने जाते, तोवर कुणग्यातील पाण्याची पातळी स्थिर राहते. पाऊस वाटेच्या आवाक्याबाहेर गेला की पातळी चढू लागते आणि मग ती चढतच जाते. धावण्याचा वेग हा पाऊस, लॅक्टेटचा उपयोग करून घेण्याची शरीराची शक्ती ही वाट. उंबरठा म्हणजे पातळी स्थिर राहू शकेल असा सर्वांत मोठा पाऊस. त्यापलीकडे गेल्यावर थकवा येतो तो एकट्या लॅक्टेटमुळे नव्हे. स्नायूंतील आम्लता आणि इतर रासायनिक बदलही त्याबरोबर वाढत असतात. रक्तातील लॅक्टेट मोजले जाते ते मुख्यतः ही सीमा ओलांडल्याची खूण म्हणून. मेर फुटण्याआधी पाण्याची पातळी पाहावी, तसे.

ही रेषा किती वर नेता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित अधिक अंतर, १ तास ३० सेकंदांत पूर्ण केले. दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद पडले. पुढे २०२२ साली ५००० मीटरचे अंतर ते १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत धावले आणि १९९२ पासून टिकून असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. तेथे दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४१ सेकंद लागले. एक रस्ता व एक धावमार्ग, शिवाय दोन धावांत दीड वर्षाचे अंतर, म्हणून तुलना काटेकोर नाही. तरी साडेतेरा मिनिटे टिकणाऱ्या वेगाच्या सुमारे ९४ टक्के वेग हा धावपटू संबंध एक तास टिकवू शकला, एवढे त्यातून दिसते. कसलेल्या धावपटूचा तासभर टिकणारा वेग हा उंबरठ्याचा जवळचा अंदाज मानतात. त्यांचा उंबरठा छताच्या इतका जवळ आहे.

विद्यार्थ्याला तासभर पूर्ण जोराने धावावयास सांगणे बरे नव्हे. त्यासाठी तीस मिनिटांची धाव पुरते. बारा मिनिटांच्या चाचणीनंतर चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, मग सपाट मैदानावर तीस मिनिटांत जास्तीत जास्त अंतर कापावे. त्याचा सरासरी वेग उंबरठ्याच्या वेगाजवळ, बहुधा किंचित वर असतो. धाव संपताच, चालू न लागता, दहा सेकंद मनगटावरील नाडी मोजून सहाने गुणल्यास त्या वेगाची नाडीही कळते. मात्र दहा सेकंदांत एक ठोका चुकला की गुणाकारात सहा ठोक्यांची चूक होते, म्हणून नाडीपेक्षा अंतरावर अधिक भिस्त ठेवावी.

दोन मुलांचे उदाहरण

आता दोन मुले घेऊ. ती कल्पित आहेत, पण अशी जोडी कोणत्याही वर्गात सापडेल. त्यांना अ आणि ब म्हणू. ४०० मीटरच्या धावमार्गावर दोघांनीही बारा मिनिटांत साडेसहा फेऱ्या, म्हणजे २६०० मीटर अंतर कापले. वेग ताशी १३ किलोमीटर, प्रत्येक फेरीस सुमारे १ मिनिट ५१ सेकंद. सूत्राने दोघांची ग्रहणक्षमता ४६.८. शिक्षकांनी येथेच वही मिटली, तर दोघांचा दम सारखाच असा शेरा पडेल.

पाचव्या दिवशी तीस मिनिटांची धाव झाली. अ १५ फेऱ्या धावला, म्हणजे ६००० मीटर. प्रत्येक फेरीस बरोबर दोन मिनिटांच्या आसपास. ब मात्र साडेतेरा फेऱ्यांवर थांबला, म्हणजे ५४०० मीटर. अचा वेग ताशी १२ किलोमीटर, त्याच्या बारा मिनिटांच्या वेगाच्या ९२ टक्के. बचा ताशी १०.८, म्हणजे ८३ टक्के. बचा उंबरठा खाली आहे, असे म्हणावयाचा मोह येथे होतो.

परंतु फेऱ्यांच्या वेळा लिहून ठेवल्या असतील तर थोडे थांबावे लागेल. बच्या पहिल्या तीन फेऱ्या १ मिनिट ५६ सेकंदांच्या आणि शेवटच्या २ मिनिटे २८ सेकंदांच्या निघाल्या. म्हणजे सुरुवातीलाच तो आपल्या आवाक्याबाहेर धावला, पाणी चढले आणि उरलेला वेळ ते उतरण्याची वाट पाहण्यात गेला. त्याचा आकडा उंबरठ्याचा आहे की उतावळेपणाचा, हे या एका धावेवरून सांगता येत नाही. मैदानी चाचण्यांत सर्वांत अधिक फसगत येथेच होते. फेऱ्यांच्या वेळा न लिहिता केवळ एकूण अंतर लिहिणारी वही निम्मी कोरीच समजावी.

यावर उपाय सोपा आहे. काही दिवसांनी बने तीच धाव पुन्हा करावी, पण या वेळी पहिली फेरी २ मिनिटे १२ सेकंदांपेक्षा जलद धावू नये. समजा, अशा धावेत सर्व फेऱ्या जवळपास सारख्या आल्या आणि अंतर ५५०० मीटर झाले. मग वेग ताशी ११ किलोमीटर, प्रमाण सुमारे ८५ टक्के. आता निदान पक्के झाले, बचा उंबरठा खरोखरच खाली आहे. याच धावेत ५९०० मीटर झाले असते, तर दोष दमाचा नसून वेगवाटपाचा, असे ठरले असते व सरावाची दिशाच वेगळी झाली असती.

वहीत छत सारखे असूनही या दोघांना एकच सराव देणे चूक आहे. बने आठवड्यातून दोनदा आपल्या उंबरठ्याजवळ, किंचित आतल्या बाजूने धावावे. एका दिवशी फेरीस २ मिनिटे १२ ते १५ सेकंदांच्या वेगाने सलग वीस मिनिटे, दुसऱ्या दिवशी त्याच वेगाने सहा-सहा मिनिटांचे चार तुकडे, मध्ये एक मिनिट सावकाश. वेग बरोबर आहे की नाही, हे जिभेवरून कळते. शाळेच्या प्रतिज्ञेतील एक छोटे वाक्य बोलता यावे, पण संपूर्ण प्रतिज्ञा म्हणणे जमू नये. सगळी म्हणता आली तर वेग कमी आहे, दोन शब्दांनंतर श्वास तुटला तर उंबरठा मागे पडला आहे. उरलेल्या दिवशी सहज गप्पा मारता येतील अशी संथ धाव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. अची गोष्ट उलटी. त्याचा उंबरठा छताला जवळजवळ भिडलेला आहे, तेव्हा त्याला छतच उचलले पाहिजे. त्याने ८०० मीटरचे अंतर सुमारे ३ मिनिटे ३६ सेकंदांत, म्हणजे आपल्या बारा मिनिटांच्या वेगाहून थोडे जलद, चार वेळा धावावे आणि मधे तीन-तीन मिनिटे चालावे. हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

१६०० मीटरची धाव या दोन्ही मापांना जाऊन भिडते. सहा-सात मिनिटांची ही धाव उंबरठ्याच्या वरच घडते आणि धावक शेवटी छताजवळ पोहोचतो. उंबरठा जितका वर, तितके पाणी चढण्यास उशीर. तिसऱ्या फेरीतले ते जड पाय याच हिशेबातून येतात. ८०० मीटरच्या धावेत प्राणवायूशिवाय मिळणाऱ्या शक्तीचा वाटा आणखी मोठा असतो, म्हणून मुलींनी या दोन मापांबरोबर वेगाचा सरावही सोडू नये. रोज पूर्ण जोराने १६०० मीटर धावणे हे, माझ्या मते, रोज वजनकाट्यावर उभे राहून वजन वाढण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे.

आठ आठवड्यांनंतर बने दोन्ही चाचण्या पुन्हा दिल्या आणि २६८० व ५९०० मीटर झाले, असे समजू. बारा मिनिटांत ८० मीटर वाढले म्हणजे ग्रहणक्षमता जेमतेम १.८ ने वाढली, आणि एवढी वाढ चाचणीच्या सैलपणातही मावते. तीस मिनिटांत वाढलेले ४०० मीटर मात्र सैलपणाने समजावता येत नाहीत. प्रमाण ८५ वरून ८८ टक्क्यांवर गेले. छत तेथेच आहे, वाट रुंद झाली आहे.

मैदान, हवा आणि रक्त

सर्वच शाळांना ४०० मीटरचा धावमार्ग नसतो. २०० मीटरची फेरी चुन्याने आखून काम भागते, पण मुलांनी रेषेला धरून धावले पाहिजे. रेषेपासून एक मीटर बाहेरून धावल्यास दर फेरीस ६.२८ मीटर जास्त पडतात. हे अंतर फेरीच्या लांबीवर अवलंबून नाही, हे भूमिती शिकलेल्यांनी पडताळून पाहावे. तेरा फेऱ्यांत ते सुमारे ८२ मीटर होते, म्हणजे बने आठ आठवड्यांत बारा मिनिटांच्या धावेत मिळविले तेवढेच!

सिंधुदुर्गातील हवा हा दुसरा गुंतागुंतीचा भाग. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा एक भाग त्वचेकडे वळवावा लागतो आणि स्नायूंच्या वाट्याचे रक्त कमी होते. तोच वेग, पण नाडी अधिक. डिसेंबरातील पहाटेची धाव आणि एप्रिलमधील सकाळी नवाची धाव यांची तुलना करून “दम गेला” असे म्हणणे अन्यायाचे आहे. दोन्ही चाचण्या शक्यतो सूर्योदयाच्या सुमारास, सारख्याच हवेत व कोरड्या मैदानावर घ्याव्यात आणि वहीत अंतराबरोबर महिना, वेळ व हवाही नोंदवावी. अंगात ताप असताना किंवा छातीत दुखणे, चक्कर, दमा यांची तक्रार असताना डॉक्टरांना विचारल्याखेरीज या धावा करू नयेत.

शेवटचा मुद्दा मुलींच्या पालकांनी व शिक्षकांनी वाचावा. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरता येतो. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर दर लिटरला सुमारे २०० मिलिलिटर, १० ग्रॅम असेल तर केवळ १३४. वरच्या हिशेबात स्नायूंनी १४० उचलले होते, येथे तेवढे मुळात रक्तातच नाहीत. एखादी मुलगी नियमित सराव करीत असूनही तिचे बारा मिनिटांचे अंतर वाढत नसेल, जिना चढतानाही तिला धाप लागत असेल, तर सराव वाढविण्याआधी तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तपासणीला रक्ताचे थोडे थेंब पुरतात. ते कमी निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात आणि पुढील चाचणी दोन-तीन महिन्यांनी, हिमोग्लोबिन पुन्हा तपासल्यानंतरच घ्यावी.